मेहुण्याचे चाळीस लाख आणि कंपनी सेक्रेटरीचं काम

प्रश्न: मॅडम, अंबडला आमची प्रायव्हेट लिमिटेड आहे, मी आणि धाकटा भाऊ डायरेक्टर. हिशेब, जीएसटी, ऑडिट सगळं सीए साहेब बघतात. आता बँकेने मुदत कर्जासाठी कंपनी सेक्रेटरीचा दाखला मागितलाय आणि वर "घरच्यांकडून आलेल्या पैशांचे कागद दाखवा" म्हणतात. सीए असताना सीएस कशाला? तुम्ही लोक नेमकं करता काय, साध्या भाषेत सांगाल का?

उत्तर:

आधी कायद्याचं काय ते सांगून टाकते. भरणा झालेलं भांडवल १० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तर प्रायव्हेट कंपनीलाही पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावा लागतो. तुमचं तेवढं नसणार, म्हणजे पगारी सीएस ठेवायची सक्ती नाही. सातपूर-अंबडच्या बहुतेक कंपन्या माझ्यासारख्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएसकडून लागेल तसं काम करून घेतात. ते चालतं.

वर्षाचं ठरलेलं काम लोकांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा, तिच्यापासून ३० दिवसांत ताळेबंदाचा फॉर्म, ६० दिवसांत वार्षिक विवरण. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला रोजचे १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षं ही विवरणं भरली नाहीत, तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. लघु उद्योगांची बिलं ४५ दिवसांपेक्षा जास्त थकली असतील, तर त्याची माहिती एप्रिल आणि ऑक्टोबरअखेर द्यायची. शिवाय सभांची इतिवृत्तं आणि सभासदांची नोंदवही. या तारखा पाळायला एखादा नेटका अकाउंटंटही पुरतो, त्यासाठी मला वेगळे पैसे द्या असं मी म्हणणार नाही.

खरं काम असतं तुमच्या दुसऱ्या वाक्यात. घरच्यांकडून आलेले पैसे. बँक उगाच विचारत नाहीये.

कंपनी कायद्याच्या नजरेत बाहेरच्या माणसाकडून कंपनीने घेतलेला पैसा ही 'ठेव' असते, आणि प्रायव्हेट कंपनीला लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. काही पैसा यातून वगळलाय. बँकेचं कर्ज वगळलंय, दुसऱ्या कंपनीने दिलेलं कर्ज वगळलंय. प्रायव्हेट कंपनीच्या डायरेक्टरने किंवा त्याच्या नातेवाइकाने दिलेला पैसाही वगळलाय, पण त्याने लेखी द्यायला हवं की हा पैसा मी कोणाकडून उसना किंवा कर्जाऊ घेऊन दिलेला नाही. आपल्याकडच्या घरगुती कंपन्या या शेवटच्या सवलतीवरच चालतात. टॅलीत 'अनसिक्युअर्ड लोन्स' नावाच्या गटात दादा, वहिनी, काका, साडू सगळे एका रांगेत बसलेले असतात.

गोम आहे ती नातेवाईक कोणाला म्हणायचं यात. कायद्याने यादी दिली आहे: नवरा-बायको, आई-वडील (सावत्रही), मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, आणि एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य. संपली यादी. सासरे त्यात नाहीत. काका, मामा, चुलतभाऊ, पुतण्या, मेहुणा, साडू नाहीत. भावाची बायकोही नाही. काका आणि तुम्ही खरोखर एकाच अविभक्त कुटुंबाचे सदस्य असाल, तर गोष्ट वेगळी, पण नुसतं एकाच वाड्यात राहणं पुरत नाही. आणि नातं बघायचं ते पैसा ज्या दिवशी आला त्या दिवशीचं, आणि डायरेक्टरशी असलेलं. कंपनीच्या मालकाशी काय नातं आहे हे कायदा विचारतच नाही.

एक प्रकरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. सातपूरची प्रेस पार्ट्स बनवणारी कंपनी. दोघे भाऊ आणि थोरल्याची पत्नी असे तिघे डायरेक्टर. भांडवल ५० लाख, म्हणजे १० रुपयांचे पाच लाख शेअर्स. वहिनींना शाळेत नोकरी लागली, म्हणून ३१ जुलैला त्यांनी डायरेक्टरपदाचा राजीनामा दिला. फॉर्म वेळेत भरला, सगळं रीतसर. नवीन प्रेससाठी बँकेने मुदत कर्ज मंजूर केलं. मंजुरीपत्रात एक अट होती: प्रवर्तकांनी ४० लाख स्वतः आणायचे आणि कर्ज फिटेपर्यंत ते बाहेर काढायचे नाहीत. थोरल्याचे मेहुणे, म्हणजे वहिनींचे सख्खे भाऊ, पिंपळगावचे बागायतदार. त्यांनी १२ सप्टेंबरला आरटीजीएसने ४० लाख पाठवले. पैसा पांढरा, बँकेतून आलेला, देणारा घरचा. कोणाला काही वावगं वाटलं नाही.

आता तारखा शेजारी-शेजारी मांडा. हेच पैसे ३१ जुलैच्या आधी आले असते, तर देणारा हा डायरेक्टरचा भाऊ होता, म्हणजे यादीत बसणारा. १२ सप्टेंबरला वहिनी डायरेक्टर नव्हत्या. उरलेल्या दोघांपैकी एकाचा तो मेहुणा आणि दुसऱ्याचा कायद्याने कोणीच नाही. सहा आठवड्यांच्या फरकाने घरचा पैसा बेकायदा ठेव झाला. बँकेच्या अटीवर प्रवर्तकांनी आणलेला पैसा ठेवीतून वगळणारी आणखी एक सवलत आहे, पण ती प्रवर्तक आणि त्यांच्या नातेवाइकांपुरतीच. मेहुणा तिथेही बाहेर.

याची शिक्षा ऐकून थोरले गप्पच बसले. कंपनीला दंड कमीत कमी १ कोटी किंवा ठेवीच्या दुप्पट, यातला कमी असेल तो. इथे म्हणजे ८० लाखांपासून सुरुवात. जबाबदार अधिकाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि किमान २५ लाख दंड. प्रत्यक्षात अशा प्रत्येक प्रकरणात कोणी तुरुंगात जात नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. पण कंपनी विकायला काढली, भागीदार घ्यायचा झाला किंवा भावाभावांत वाद पेटला, की समोरचा वकील सगळ्यात आधी हीच नोंद शोधतो.

हे सापडलं कसं? दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ नावाचं विवरण भरायचं असतं. ३१ मार्चला कंपनीकडे कोणाकोणाचे पैसे आहेत आणि ते ठेव का नाहीत, हे त्यात सांगावं लागतं. लेखापरीक्षकाचंही त्यात घोषणापत्र असतं. अकाउंटंटने ४० लाख 'डायरेक्टरचे नातेवाईक' या रकान्यात टाकून मसुदा पाठवला. मी अशा प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी मागते: पैसे आल्याची तारीख, त्या तारखेला कोणत्या डायरेक्टरशी काय नातं, आणि त्या दिवशीचं घोषणापत्र. मेहुण्यांचं घोषणापत्र होतं, पण त्यात लिहिलं होतं, "मी कंपनीच्या संचालिका सौ. ... यांचा भाऊ आहे." कोणीतरी जुना नमुना उचलून नाव भरलं होतं. एमसीएच्या पोर्टलवर राजीनाम्याची तारीख ३१ जुलै दिसत होती आणि बँकेच्या उताऱ्यात १२ सप्टेंबर.

सीए साहेबांनी का पकडलं नाही, असं तुमच्या मनात येईल. त्यांच्यावर दोष नाही. त्यांच्यासमोर रक्कम बरोबर, बँकेतून आलेली, देणाऱ्याचा पॅन बरोबर. रोखीने घेतलेली नाही, त्यामुळे आयकराचा प्रश्न नाही. ऑडिट हे वर्ष संपल्यावर पुस्तकांचं होतं. डायरेक्टर कधी आला, कधी गेला, कोणत्या ठरावाने पैसे घेतले, हे पुस्तकांच्या बाहेरचं असतं आणि तिथे आमचं काम सुरू होतं.

दुरुस्तीसाठी बैठक झाली तेव्हा टेबलावर बरेच पर्याय आले. पहिला नेहमीचाच: वहिनींचा राजीनामा ऑक्टोबरचा दाखवा. त्याला तिथेच नाही म्हटलं. राजीनाम्याचा फॉर्म डिजिटल सहीने भरलेला होता, तारीख जगाला दिसते, आणि मागच्या तारखेचं इतिवृत्त हा खोटा दस्तऐवज असतो. त्याखाली माझा सदस्यता क्रमांक जाणार नाही.

दुसरा पर्याय वहिनींनीच काढला. भावाने ते पैसे मला बक्षीस द्यावेत, मग मी कंपनीला देते, कारण मी अजूनही डायरेक्टरची बायको आहेच. कायद्याने हे चालतं. भावाने बहिणीला दिलेल्या बक्षिसावर आयकरही नाही. पण मी विचारलं, भावाला पैसे परत करायचे आहेत का? "हो, तीन-चार वर्षांत." मग ते बक्षीस नव्हे, उसने. आणि उसने आणून कंपनीला दिलेत, तर "हा पैसा कर्जाऊ घेतलेला नाही" हे घोषणापत्र खोटं ठरतं. खरंच बक्षीस असेल तर बक्षीसपत्र करा, आणि मेहुण्यांच्या मुलांनी उद्या विचारलं तर उत्तर तयार ठेवा. त्यावर वहिनींनीच विषय सोडला.

तिसरा पर्याय तसा बरा होता. मेहुण्यांना थोडे शेअर्स हस्तांतरित करायचे, ते सभासद झाले की पैसे परत करून नव्याने सभासदाचं कर्ज म्हणून घ्यायचे. प्रायव्हेट कंपनीला सभासदांकडून भांडवल, मोकळा राखीव निधी आणि प्रीमियम यांच्या बेरजेइतका पैसा पुष्कळ सवलतीने घेता येतो. ४० लाख त्या मर्यादेत बसत होते. पण नियमांनुसार अशा ठेवीची मुदत सहा महिने ते ३६ महिने, आणि बँकेची अट कर्ज फिटेपर्यंतची, म्हणजे त्याहून लांब. तीन वर्षांनी पुन्हा हाच गुंता झाला असता.

उरला चौथा: पैसे परत करायचे आणि मेहुण्यांनी भांडवल म्हणून आत यायचं. बँकेलाही कर्जापेक्षा भांडवल आवडतं.

यातला क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून तो सावकाश सांगते. सगळ्यात आधी बँकेला पत्र. कारण ४० लाख बाहेर काढायचे नाहीत ही अट तिची होती, आणि परवानगीशिवाय परत केले असते, तर कायदा सांभाळताना कर्जाचा करार मोडला असता. पत्रात सरळ लिहिलं की ही रक्कम काही दिवसांत शेअर भांडवल म्हणून परत येईल, आणि मधल्या काळात कॅश क्रेडिटवर ताण येणार नाही असं नियोजन दाखवलं. बँकेची लेखी संमती आली.

मग नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल. शेअरची किंमत १६० रुपये निघाली. ४० लाखांना १६० ने भागलं की २५,००० शेअर्स. भांडवलात भर फक्त अडीच लाखांची, बाकी साडेसदतीस लाख प्रीमियम. मेहुण्यांचा हिस्सा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. हा आकडा ऐकून धाकटे थोडे अस्वस्थ झाले. घरात बाहेरचा भागीदार येतोय, हे त्यांना आकडा दिसेपर्यंत जाणवलं नव्हतं. ते बरं झालं, कारण मग शेअर विकायचे झाल्यास आधी कोणाला विचारायचं, हे त्याच वेळी नियमावलीत नीट लिहून घेतलं.

अधिकृत भांडवल ५० लाखांवर पूर्ण वापरलेलं होतं, म्हणजे एक शेअरही वाढवायला जागा नव्हती. ही गोष्ट फार जण विसरतात आणि पैसे आल्यावर जागे होतात. संचालक मंडळाची सभा घेऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलावली. रीतसर सूचना २१ दिवसांची, पण सभासद तिघेच आणि तिघांची लेखी संमती, म्हणून कमी सूचनेवर भागलं. एकाच सभेत अधिकृत भांडवल ६० लाख केलं आणि शेअर्स देण्याचा विशेष ठराव केला. दोन्हींचे फॉर्म भरायला ३० दिवस असतात, पण घाई इथे वेगळ्या कारणासाठी होती: विशेष ठराव नोंदवल्याशिवाय देकारपत्र पाठवता येत नाही. उलट क्रमाने काम झालेली प्रकरणं मी पाहिली आहेत. देकारपत्राची तारीख ठरावाच्या नोंदणीच्या आधीची असते, आणि मग सगळा व्यवहारच संशयात येतो.

त्यानंतर मेहुण्यांना त्यांचे ४० लाख परत केले. देकारपत्र गेलं, आणि त्यांनी त्यांच्याच खात्यातून नव्याने ४० लाख भरले, तेही कंपनीच्या वेगळ्या बँक खात्यात, कॅश क्रेडिट खात्यात नाही. या पैशाला वाटप होऊन त्याचं विवरण भरेपर्यंत हात लावता येत नाही. थोरल्यांना हे पटवायला जरा वेळ लागला. पोलादाच्या पुरवठादाराचा फोन येत होता आणि पैसे समोर दिसत होते. पण वाटपाआधी ते वापरले, की पुन्हा दंडाचं कलम. शेअर्स द्यायला ६० दिवसांची मुदत असते. तेवढ्यात दिले नाहीत, तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, नाहीतर १२ टक्के व्याज, आणि तो पैसाही ठेव बनतो. आम्ही पैसे आल्याच्या आठवड्यातच वाटप केलं, १५ दिवसांची मुदत असलेलं विवरण दुसऱ्या दिवशी भरलं, मग पैसे चालू खात्यात वळवले. शेअर सर्टिफिकेटवरचं मुद्रांक शुल्क ०.००५ टक्के, म्हणजे ४० लाखांवर २०० रुपये. एवढ्याशा रकमेचं चलन न भरलेली सर्टिफिकेटं नाशिकमध्ये किती तिजोऱ्यांत पडून असतील, कोण जाणे.

ही कंपनी कायद्याच्या व्याख्येत 'लहान कंपनी' होती, म्हणून कागदी सर्टिफिकेट चाललं. तुमची त्या व्याख्येत बसत नसेल, तर आधी प्रवर्तकांचे शेअर्स डिमॅट करावे लागतील, मगच नवे देता येतील. हेही पैसे घेण्याआधी तपासायचं.

एक गोष्ट त्यांना मी सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली होती. पैसे परत केल्याने झालेला भंग पुसला जात नाही. १२ सप्टेंबरपासून परत करेपर्यंत ती ठेवच होती, आणि डीपीटी-३ मध्ये ती तशीच दाखवली. पण कंपनीने स्वतःहून ओळखून, व्याजासह परत करून, खरी नोंद करून ठेवलेली असणं आणि दुसऱ्या कोणी चार वर्षांनी ती उकरून काढणं, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तुमच्या कारखान्यात याच जातीचा आणखी एक धोका असू शकतो. ऑटोवाले ग्राहक टूलिंगसाठी आगाऊ रक्कम देतात. मालाच्या पुरवठ्यासाठी घेतलेला असा ॲडव्हान्स ३६५ दिवसांत मालापोटी वळता व्हायला हवा, नाहीतर तोही ठेवीत मोजला जातो. डाय तयार होऊन नमुना मंजूर व्हायलाच आठ-दहा महिने जातात, मॉडेल रद्द झालं की रक्कम तशीच पडून राहते. अशा ॲडव्हान्सचा करार आणि तारीख एकदा बघून घ्या. प्रकरण कोर्टात असेल तर वेगळा विचार होतो.

आता बँक तुमच्याकडे मागते आहे तो दाखला. त्यात मी पोर्टलवरचे तुमचे फॉर्म बघून सांगते की कंपनीवर आधी कोणाचे बोजे आहेत, डायरेक्टर कोण आहेत, विवरणं भरली आहेत का. जुन्या बँकेचं कर्ज फिटलं असलं तरी बोजा उतरवल्याचा फॉर्म भरला नसेल, तर तो तिथे उघडाच दिसतो आणि नवी बँक तिथेच अडते. फेडल्यापासून ३० दिवसांत तो भरायचा असतो, जादा शुल्क देऊन ३०० दिवसांपर्यंत भरता येतो. त्यापुढे गेला तर प्रादेशिक संचालकांकडे उशीर माफीचा अर्ज करावा लागतो, आणि मुदत कर्जाची घाई असताना तो वेळ तुमच्याकडे नसतो. नव्या कर्जाचा बोजाही ३० दिवसांत नोंदवायचा. ते काम बँक तुमच्याकडूनच करून घेईल.

तेव्हा दाखल्यासाठी याल तेव्हा ३१ मार्चचं 'अनसिक्युअर्ड लोन्स'चं टॅलीतलं पान, प्रत्येक नावाचा लेजर, आतापर्यंत डायरेक्टर आले-गेले त्यांचे फॉर्म, जुन्या कर्जाचं 'नो ड्यूज' पत्र आणि नव्या बँकेचं मंजुरीपत्र एवढं घेऊन या. मंजुरीपत्राचं पहिलं पान नको, मागची अटींची पानं हवीत. घरच्यांचे पैसे अजून यायचे असतील, तर आरटीजीएस करायच्या आधी त्यांची नावं आणि तुमच्या दोघांशी असलेलं नातं मला व्हॉट्सॲपवर टाका. यादीत बसणाऱ्यांचं घोषणापत्र त्याच तारखेचं करून देते, आणि न बसणाऱ्यांना थांबायला सांगा.